गृहकर्जाचं व्याज दोघांनीही पूर्ण धरलं, ठेवीचं व्याज राहूनच गेलं. रिटर्न रिवाइज करायचंय

गोदाकाठची | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. मी नाशिकला असते, नोकरी करते. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न मी ऑगस्टमध्ये, मुदतीच्या आत भरलं. जुनी करप्रणाली निवडली होती. कर निघाला ३८,४८०, ऑफिसने तेवढाच कापलेला होता. देणं नाही, घेणं नाही, विषय संपला असं समजून मी मोकळी झाले.

गेल्या आठवड्यात बँकेत दुसऱ्या कामासाठी गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला मागितला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फ्लॅट आणि कर्ज माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर निम्मंनिम्मं आहे. वर्षाचं एकूण व्याज २,८४,०००. मी ऑफिसात २ लाख दाखवले, त्यांनी त्यांच्या ऑफिसात २ लाख. म्हणजे भरलं २ लाख ८४ हजार आणि वजावट घेतली ४ लाखांची. दोघांनी आपापला फॉर्म स्वतंत्र भरला आणि एकमेकांना विचारलंच नाही.

मग धास्तीने एआयएस उघडून पाहिलं, तर एका सहकारी बँकेतल्या ठेवीचं ३६,००० व्याजही मी दाखवलेलं नाही. ठेव आपोआप रिन्यू होते, पैसे खात्यावर येत नाहीत, त्यामुळे लक्षातच राहिलं नाही. टीडीएस कापलेला नव्हता.

मुद्दाम केलेलं नाही, पण झोप लागत नाही. आता नेमकं काय करायचं? दंड किती बसेल? आणि नवऱ्यानेही रिवाइज करायलाच हवं का? ते म्हणतात, "तुझं तू कर, माझं रिटर्न प्रोसेस होऊन आलंय, ते आता उकरू नको."

---

विक्रांत७७ | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

एवढं टेन्शन कशाला घेताय? २०२५ च्या बजेटनंतर अपडेटेड रिटर्नला चार वर्षं मिळतात. आयटीआर-यू भरा निवांत. डिसेंबरअखेर साइट रडत असते, आत्ता हात लावूच नका. शिवाय व्याजावर ८० टीटीएची १०,००० ची सूट मिळते, म्हणजे ३६ चे २६ हजारच धरायचे.

---

मेधा_क | १४ डिसेंबर, रात्री १०.३०

८० टीटीए फक्त बचत खात्याच्या व्याजाला असतं ना? मुदत ठेवीला नाही. माझं याच मुद्द्यावर एकदा चुकलं होतं.

---

जमाखर्च | १५ डिसेंबर, सकाळी ७.१५

सांगलीत कर सल्ल्याचं काम करतो, बावीस वर्षं झाली. गोदाकाठची, तुमची केस रोज येणाऱ्या केसपैकी आहे आणि तुम्हाला ती वेळेत लक्षात आली आहे. थोडं सविस्तर लिहितो.

मेधाताईंचं बरोबर. ८० टीटीए बचत खात्यापुरतं. ठेवीचे ३६,००० पूर्ण धरायचे.

विक्रांत, चार वर्षांचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण तो रस्ता महाग आहे. अपडेटेड रिटर्नमध्ये कर आणि व्याज तर भरायचंच, त्यावर त्या दोन्हींच्या बेरजेच्या २५ टक्के जादा कर पहिल्या टप्प्यातच बसतो. पुढे उशीर होईल तसा तो ५०, ६० आणि शेवटी ७० टक्क्यांपर्यंत जातो. ३१ डिसेंबरच्या आत कलम १३९(५) खाली रिवाइज केलं तर यातलं काहीच नाही. उशिराची ५,००० फीसुद्धा नाही, कारण मूळ रिटर्न वेळेत होतं. कायद्यानेच ठेवलेली ही सोय आहे. नंतर लक्षात आलेली राहिलेली किंवा चुकीची गोष्ट दुरुस्त करायची आणि फरकाचा कर व्याजासकट भरायचा.

आकडे सांगायच्या आधी दोन प्रश्न. हप्ता कुणाच्या खात्यातून जातो? आणि मुद्दलाची वजावट ८० सी मध्ये कुणी धरली आहे?

---

गोदाकाठची | १५ डिसेंबर, सकाळी ८.५०

हप्ता जॉइंट खात्यातून जातो, दोघंही पगारातून त्यात सारखीच रक्कम टाकतो. मुद्दल कुणीच धरलं नाही, दोघांचं पीएफ आणि विमा मिळूनच दीड लाखाच्या वर जातं.

माझे आकडे: पगार ११ लाख. स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८० सी दीड लाख, मेडिक्लेम २५,०००, एनपीएस ५०,००० आणि ते गृहकर्जाचे २ लाख. करपात्र उत्पन्न ६,२२,५०० आलं होतं.

---

विक्रांत७७ | १५ डिसेंबर, सकाळी ९.२०

आयटीआर-यूच्या जादा कराचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण मग वाटणी बदला ना. नवऱ्याने २ लाख धरायचे आणि हिने ८४ हजार. बेरीज २,८४,००० बरोबर होते आणि नवऱ्याला रिवाइजच करावं लागत नाही!

---

जमाखर्च | १५ डिसेंबर, दुपारी १.३०

वाटणी अशी सोयीने करता येत नाही. मालकी निम्मी, कर्ज निम्मं, हप्त्यात पैसेही निम्मे, मग व्याजही निम्मंच. प्रत्येकी १,४२,०००. हप्ता खरोखर एकट्याच्याच पगारातून जात असता तर वेगळी चर्चा झाली असती, पण इथे तसं नाही. पैशाची वाट बँकेच्या उताऱ्यात दिसते आणि रिटर्न त्या वाटेशी जुळलं पाहिजे.

आता तुमचा हिशेब. वजावट २ लाखांवरून १,४२,००० झाली, म्हणजे उत्पन्न ५८,००० ने वाढलं. ठेवीचे ३६,००० वेगळे. नवीन करपात्र उत्पन्न ७,१६,५००. त्यावर जुन्या प्रणालीत कर ५५,८००, सेस धरून ५८,०३२. कापलेला टीडीएस ३८,४८०. फरक १९,५५२.

व्याजाचं तीन कलमांत पाहायचं. २३४अ उशिरा रिटर्न भरणाऱ्याला लागतं, तुम्हाला नाही. पण टीडीएस वजा जाऊन १०,००० च्या वर कर राहिला की तो आगाऊ भरायला हवा होता असं कायदा धरतो, म्हणून २३४ब आणि २३४क दोन्ही लागतील. २३४ब म्हणजे एप्रिलपासून दरमहा एक टक्का, आणि चालू महिना पूर्ण धरतात. डिसेंबरमध्ये भरलंत तर ९ महिने. रक्कम शेकड्यात खाली उतरवून १९,५०० वर ९ टक्के, १,७५५. २३४क गेल्या वर्षीच्या चार तिमाही हप्त्यांचं, ते ९८१ येतं. सगळं मिळून २२,२८८. फॉर्म हे व्याज स्वतःच काढतो, पण तो काय काढतोय ते माहीत असलेलं बरं.

हेच तुम्ही आयटीआर-यूसाठी ठेवलंत तर या २२,२८८ वर कमीत कमी ५,५७२ जास्त जातील, महिन्यागणिक वाढणारं व्याज वेगळंच. आणि त्याआधी खात्याने पकडलं तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, मुद्दाम चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के.

तुमच्या मिस्टरांबद्दल. रिटर्न प्रोसेस होऊन १४३(१) ची सूचना आली म्हणजे असेसमेंट झाली असं नाही. त्यानंतरही ३१ डिसेंबरपर्यंत रिवाइज करता येतं. शिवाय यंदाच्या फॉर्ममध्ये गृहकर्जाच्या वजावटीसाठी बँकेचं नाव आणि कर्ज खाते क्रमांक मागितला होता. एकच क्रमांक दोन पॅनवर, प्रत्येकी २ लाखांसह. हे जुळवून बघायला कुणाला विशेष कष्ट पडणार नाहीत. ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर ५८,००० वर त्यांचा कर १८,०९६ होईल, व्याज वेगळं.

---

शाळामास्तर | १५ डिसेंबर, सायंकाळी ५.४५

सर्वांस नमस्कार. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझ्याही बाबतीत असेच झाले आहे. मी रिटर्नमध्ये पेन्शन व व्याज सर्व बरोबर दाखवले असता मला १२,००० रुपयांची मागणी आली आहे, कारण बँकेने कापलेला टीडीएस त्यांनी धरलेला नाही. मीही ३१ डिसेंबरपूर्वी रिवाइज करावे काय?

---

जमाखर्च | १५ डिसेंबर, रात्री ९.१०

गुरुजी, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्या रिटर्नमध्ये चूक नाही, मग रिवाइज काय करणार? आधी २६एएस उघडून तो टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो का पहा. दिसत असेल तर पोर्टलवर रेक्टिफिकेशनची विनंती टाका, त्याला ३१ डिसेंबरची घाई नाही. दिसत नसेल तर बँकेला त्यांचं टीडीएस विवरण दुरुस्त करायला सांगावं लागेल, बहुतेक वेळा पॅन चुकलेला असतो. मागणीला पोर्टलवर "मान्य नाही" असं उत्तर मात्र देऊन ठेवा, नाहीतर पुढच्या रिफंडमधून वळती करतील.

---

दर्यावर्दी | १६ डिसेंबर, सकाळी १०.२०

म्हापशाहून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाने तर रिटर्न भरलेलंच नाही. हॉटेलात आहे, सीझनमध्ये मान वर करायला मिळत नाही, सप्टेंबरची तारीख गेली. पगार ८,४०,०००. ऑफिसने जुन्या प्रणालीप्रमाणे ३६,९२० कापलेत. विमा, पीएफचे दीड लाख आणि मेडिक्लेम २५,००० आहे. आता उशिरा भरलं तर जुनी प्रणाली मिळत नाही म्हणे, म्हणजे या सगळ्या वजावटी पाण्यात. वर ५,००० फी. त्यापेक्षा कर कापला गेलाच आहे तर सोडून द्यावं, असं तो म्हणतो.

---

जमाखर्च | १६ डिसेंबर, दुपारी २.००

भावाला थांबवा, सोडून देऊ नका. उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही हे बरोबर, कारण पगारदाराने ती निवड मुदतीतल्या रिटर्नमध्येच करायची असते. पण वजावटी गेल्या म्हणजे नुकसान झालं असं आधीच धरू नका, गणित मांडून बघा.

नवीन प्रणालीत पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. उरले ७,६५,०००. पहिले ३ लाख मोकळे, ७ लाखांपर्यंत ५ टक्क्यांनी २०,०००, वरच्या ६५,००० वर १० टक्क्यांनी ६,५००. झाले २६,५००, सेससह २७,५६०. कापलेत ३६,९२०. म्हणजे ९,३६० परत मिळायला हवेत, त्यातून उशिराची फी ५,००० वजा. ४,३६० हातात येतील. जुन्या प्रणालीत वेळेत भरलं असतं तरी कर ३६,९२० च होता. म्हणजे त्याच्या वजावटी इतक्या कमी आहेत की त्याला जुनी प्रणाली मुळातच परवडत नव्हती. ऑफिसला पुढच्या वर्षासाठी हे आत्ताच सांगायला लावा.

आणि हे ३१ डिसेंबरलाच संपतं. नंतर आयटीआर-यूने रिफंड मागता येत नाही. त्यापुढे विलंब माफीचा अर्ज उरतो, त्यात उशिराचं खरं कारण पटवावं लागतं. सीझन होता हे कारण मी तरी लिहिणार नाही.

---

दर्यावर्दी | १६ डिसेंबर, दुपारी २.४०

मोठं काम झालं, आज रात्रीच बसतो त्याच्याबरोबर. त्याने थोडे शेअर्स विकले होते, २२,००० तोटा आहे. तोही दाखवायचा ना?

---

जमाखर्च | १६ डिसेंबर, दुपारी ३.०५

दाखवायचा, आणि त्यासाठी आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ घ्या. याच वर्षात शेअर्सचा नफा असेल तर त्यातून हा तोटा वळता होईल. पण उशिराच्या रिटर्नमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. उशीर करण्याची खरी किंमत इथे आहे.

---

मेधा_क | १७ डिसेंबर, सकाळी ११.००

गोदाकाठची, तुमच्या मिस्टरांसाठी माझा अनुभव. मी रिवाइज केलं तेव्हा मूळ रिटर्नचा १४,३०० रिफंड खात्यात जमा होऊन गेला होता. रिवाइज्ड फॉर्ममध्ये "रिफंड मिळाला आहे" असं लिहायला मला जागाच सापडली नाही. नव्या हिशेबाने रिफंड ३,००० येत होता, तसाच भरला. प्रोसेस झाल्यावर आधी दिलेला रिफंड वजा धरून फरकाची मागणी आली, ती मी भरली. मधले दोन महिने मात्र फार काळजीत गेले. यात आणखी काही करता आलं असतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

---

जमाखर्च | १७ डिसेंबर, रात्री ८.४०

तुम्ही केलंत तेच बरोबर होतं. काही जण तो रिफंड स्व-निर्धारण कराचं चलन भरून आधीच परत करतात, पण मग तो भरणा आणि आधीचा रिफंड प्रोसेसिंगमध्ये नीट जुळेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. मी अशिलाला तेवढी रक्कम बाजूला ठेवायला सांगतो आणि सूचना आली की त्याच दिवशी भरायला लावतो.

---

गोदाकाठची | २२ डिसेंबर, रात्री ११.१५

काल आणि आज मिळून केलं. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी कर भरला. पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये गेले, प्रकार `Self-Assessment Tax (300)`. इथे मी जवळजवळ चुकलेच होते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी `Assessment Year` मध्ये `2025-26` हवं, आणि मी `2026-27` निवडून पुढे गेले होते. भरायच्या आधी शेवटच्या पानावर दिसलं, मागे आले. २२,२९० भरले. चलन उतरवून घेतलं.

मग रिटर्न. `139(5)` निवडल्यावर मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख मागितली. मला वाटत होतं फक्त बदललेल्या दोन ओळी भरायच्या, पण तसं नाही, संपूर्ण रिटर्न नव्याने भरायचं. मी मूळ रिटर्नची पीडीएफ शेजारी उघडून ओळ न् ओळ जुळवली. गृहकर्जाचं व्याज १,४२,०००, इतर उत्पन्नात ठेवीचं व्याज ३६,०००. एनपीएसचे ५०,००० आपोआप आले नव्हते, ते तसेच राहिले असते तर कर विनाकारण वाढला असता. आकडा जमाखर्चकाकांच्या आकड्याशी जुळत नव्हता म्हणून शोधलं, तेव्हा सापडलं.

आजच भरलेलं चलन फॉर्ममध्ये आपोआप दिसलं नाही. बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक हाताने टाकले. शेवटी देणं शून्य आलं. आधार ओटीपीने व्हेरिफायही केलं.

---

जमाखर्च | २३ डिसेंबर, सकाळी ७.३०

छान केलंत. एनपीएसची गोष्ट फार महत्त्वाची सांगितलीत. रिवाइज करताना जुनी चूक सुधारते आणि नवी शिरते, हे मी दरवर्षी पाहतो. नवं रिटर्न जुन्याची जागा घेतं, त्यामुळे त्यात जे नाही ते तुम्ही मागितलंच नाही असं होतं.

आकलन वर्ष चुकीचं पडलेलं चलन पोर्टलवरून सात दिवसांच्या आत दुरुस्त करता येतं, त्यानंतर कर अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. म्हणून चलन भरल्यावर लगेच उघडून बघावं.

बाकीच्यांसाठी एक. ३१ तारखेला रात्री रिटर्न भरलं आणि व्हेरिफाय करायचं राहिलं, तर त्यासाठी ३० दिवस असतात. ते चुकले तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरतात. ती जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी असेल, म्हणजे मुदत संपल्यानंतरची. सगळी मेहनत वाया जाते. त्याच बैठकीत ओटीपी टाका.

---

विक्रांत७७ | २३ डिसेंबर, सकाळी १०.१०

काका, एक शंका. माझं मूळ रिटर्न वेळेत, जुन्या प्रणालीत. आता भाडं आणि घरभाडे भत्त्याचा हिशेब पुन्हा केला तर माझी वजावट जवळजवळ निम्मी होते, आणि मग नवीन प्रणाली स्वस्त पडते. रिवाइज करताना प्रणाली बदलता येईल?

---

जमाखर्च | २३ डिसेंबर, रात्री ९.००

यावर आमच्यातच दोन मतं आहेत. नवीनमधून जुन्यात आता जाता येणार नाही, तिथे शब्द स्पष्ट आहेत. जुन्यातून नवीनमध्ये परत येण्याबद्दल, नवीन प्रणाली ही मूळ प्रणाली आहे म्हणून हरकत नाही असं काही सहकारी म्हणतात. दुसरे म्हणतात की एकदा मुदतीत केलेली निवड त्या वर्षापुरती कायम. माझ्या अशिलाला मी घरभाड्याची वजावट आधी खरी करायला सांगेन आणि दोन्हींतला फरक किती पडतो ते बघेन. फरक दोन-चार हजारांचा असेल तर जुन्यातच राहा. जास्त असेल तर तुमचे कागद बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

---

गोदाकाठची | २७ डिसेंबर, दुपारी ४.२०

मिस्टरांनी आज चलन भरलं. १४३(१) नंतरही रिवाइज करता येतं हे त्यांनी त्यांच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्यांकडून खात्री करून घेतलं, तेव्हा पटलं. रिटर्न आज रात्री भरतोय. दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून, कर्जाचा एकच दाखला समोर घेऊन बसणार आहोत.

एक राहिलं. २०२३-२४ साली पण आम्ही दोघांनी असंच धरलं होतं का, हे आत्ता तपासलं. माझं १,४२,००० च्या आसपास बरोबर आहे, त्यांचं मात्र २ लाख आहे.

---

जमाखर्च | २७ डिसेंबर, सायंकाळी ७.५०

त्या वर्षाचं रिवाइज १५ जानेवारी २०२५ लाच संपलं. तिथे आता विक्रांतनी सुचवलेला आयटीआर-यूचाच रस्ता आहे. ३१ मार्च २०२६ च्या आत भरलंत तर जादा कर २५ टक्के, १ एप्रिलला तो ५० होतो. आधी यंदाचं आज रात्री संपवा. जानेवारीत २०२३-२४ चा व्याजाचा दाखला घेऊन या, इथेच मांडू.